नाशिकला रुपयामागे ८, मुंबईत ३.२: मग मुंबई बंद करायची का?

प्रश्न: नाशिकला भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, वेबसाइटवरूनही विकतो. गुगल अ‍ॅड्सवर महिन्याला ६०,००० जातात. गेल्या तीन महिन्यांत रिपोर्टप्रमाणे नाशिकवर १८,००० खर्च आणि ६० ऑर्डर, पुण्यावर ५४,००० आणि ९०, मुंबई-ठाण्यावर ७२,००० आणि ९६, नागपूरवर १८,००० आणि १५, बाकी महाराष्ट्रावर १८,००० आणि २७. सरासरी ऑर्डर २,४०० ची. म्हणजे नाशिकला जाहिरातीच्या रुपयामागे विक्री ८, पुण्यात ४, मुंबईत ३.२, नागपूरला २. मुंबई-नागपूर बंद करून सगळं नाशिक-पुण्यात लावू का?

उत्तर: नागपूर बंद करा. मुंबईला मात्र या रिपोर्टच्या भरवशावर हात लावू नका, आणि नाशिकला जास्तीचे पैसे देऊन तर काहीच हाती लागणार नाही. असं का, ते तुमचेच आकडे घेऊन दाखवतो. ब्रँड सर्च म्हणजे दुकानाच्या नावाने होणारे शोध, परत आलेले पार्सल आणि नफा हे तुम्ही दिलेले नाहीत, तिथे मी हिशेबासाठी आकडे धरले आहेत. ते काढून तुमचे खरे टाका, पद्धत तीच राहील.

आधी नाशिकचा ८ हा आकडा उकलू, कारण सगळा गोंधळ त्यातच आहे. गुगल अ‍ॅड्समध्ये कॅम्पेनच्या सेटिंगमध्ये लोकेशनखाली दोन पर्याय असतात: `Presence or interest` आणि `Presence`. आपण काही केलं नाही तर पहिला लागलेला असतो. त्याचा अर्थ, मुलुंडला बसून कुणी ‘नाशिक तांब्याची भांडी’ असं शोधलं, तर त्याला नाशिकमध्ये रस आहे असं समजून तुमची नाशिकची जाहिरात दाखवली जाते आणि `matched location` च्या रिपोर्टमध्ये तो क्लिक नाशिकच्या खात्यात पडतो. पार्सल जातं मुलुंडला. भांड्यांसाठी नाशिकचं नाव आहे, त्यामुळे तुमच्या धंद्यात असे शोध थोडेथोडके नसतात. रिपोर्ट एडिटरमध्ये `user location` वर फोड केली की माणूस प्रत्यक्ष कुठे होता ते दिसतं, आणि ऑर्डरसोबत खर्चही त्या शहराकडे सरकतो. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची. नुसत्या ऑर्डरी मुंबईकडे वळवल्या आणि खर्च नाशिकच्या नावावर ठेवला, तर मुंबई उगाच चांगली दिसायला लागते.

तरी `user location` सुद्धा शंभर टक्के खरं नसतं. मोबाइल डेटावरचा फोन असेल आणि त्याचं नेमकं लोकेशन मिळालं नाही, तर अंदाज आयपी पत्त्यावरून बांधला जातो, आणि तो पत्ता मोबाइल कंपनीच्या मोठ्या शहरातल्या यंत्रणेचा असू शकतो. अ‍ॅनालिटिक्समधलं शहर तर मुळात आयपीवरूनच काढलेलं असतं. सिन्नरचा माणूस तिथे मुंबईकर म्हणून दिसला तर नवल नाही. याउलट त्र्यंबकेश्वरला दर्शनाला आलेला पुणेकर नाशिकमध्ये मोजला जातो, आणि २०२६-२७ च्या सिंहस्थात अशांची संख्या किती वाढेल ते सांगायला नको. म्हणून पडताळणीसाठी ऑर्डरचा डिलिव्हरी पिनकोड घ्या. घरचा पत्ता चुकीचा टाकून कुणी भांडी मागवत नाही.

पिनकोडचे पहिले तीन आकडे वेगळे काढायला शीटमध्ये एवढं पुरतं:

```
=LEFT(TRIM(B2),3)
```

पण तीन आकड्यांवर डोळे झाकून शहर ठरवू नका. ४२२ मध्ये नाशिक, सिन्नर, इगतपुरी येतात, पण संगमनेरही (४२२६०५) येतं. ४२३ मध्ये मालेगाव, मनमाड, येवला, आणि त्यांच्याबरोबर कोपरगाव (४२३६०१) आणि वैजापूर (४२३७०१). सगळ्यात फसवा ४१०: पनवेल (४१०२०६) आणि खारघर (४१०२१०) हे मुंबईच्या पट्ट्यातले, आणि लोणावळा (४१०४०१), चाकण (४१०५०१) पुण्याच्या बाजूचे. वाघोलीचा ४१२२०७ पाहून कुणाला वाटेल ग्रामीण भाग, पण ते पुणेच आहे. कल्याण-डोंबिवली ४२१ मध्ये, वसई-विरार ४०१ मध्ये. ४१०, ४१२, ४२२ आणि ४२३ एवढे चार गट पूर्ण सहा आकड्यांनी तपासले की बाकीचं काम तीन आकड्यांवर भागतं.

समजा असं करून नाशिकच्या ६० पैकी २० ऑर्डरी बाहेरच्या निघाल्या, १४ मुंबईच्या आणि ६ पुण्याच्या, आणि `user location` प्रमाणे ६,००० चा खर्चही त्यांच्याबरोबर गेला: ४,००० मुंबईकडे, २,००० पुण्याकडे. आता चित्र असं होतं: नाशिक १२,००० ला ४०, मुंबई ७६,००० ला ११०, पुणे ५६,००० ला ९६.

आता या ४० मध्ये दुकानाचं नाव टाकून आलेले किती ते बघा. सर्च टर्म्सच्या रिपोर्टमध्ये ते सरळ दिसतं. स्वतःच्या गावात हा आकडा मोठा असणारच. ज्यानं पाच वर्षांपूर्वी तुमच्याकडून घंगाळ नेलं, तो आता बहिणीला समई द्यायची म्हणून तुमचं नाव टाइप करतो, वर दिसलेल्या जाहिरातीवर बोट ठेवतो आणि ऑर्डर करतो. जाहिरात नसती तर खालच्या फुकटच्या लिंकवरून आला असता. असे २६ जण २,००० च्या खर्चात आले असं धरू. मुंबईत असे १० आणि पुण्यात ६, दोन्हीकडे खर्च १,०००. ते सगळे बाजूला काढले की नाशिक १०,००० ला १४ ऑर्डर, मुंबई ७५,००० ला १००, पुणे ५५,००० ला ९०. रुपयामागे नाशिक ३.४, मुंबई ३.२, पुणे ३.९. आठाचा साडेतीन झाला, आणि अजून आपण नफ्याकडे पाहिलंही नाही.

(एक गोष्ट नाशिकच्या बाजूनेही सांगायला हवी. इथला माणूस फोनवर जाहिरात बघतो आणि संध्याकाळी दुकानात येऊन रोख घेऊन जातो. ती विक्री रिपोर्टमध्ये कुठेच नसते. दोन आठवडे बिल करताना ‘कुठे पाहिलंत?’ एवढं विचारून वहीत खूण करा. अंदाजापुरतं तेवढं पुरे आहे.)

दुसरा मुद्दा परत येणाऱ्या पार्सलचा. गुगल ऑर्डर झाली की विक्री मोजतं. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातून परत आलं ते त्याला ठाऊक नसतं. तुमच्या मालाला यात दुहेरी मार बसतो. भांडं पोकळ असतं, आणि कुरिअरवाले खरं वजन आणि खोक्याच्या मापावरून काढलेलं वजन यातलं जे जास्त ते लावतात. हे मापाचं वजन बहुतेक ठिकाणी सेंटिमीटरमधली लांबी × रुंदी × उंची भागिले ५,००० असं काढतात. कळशीचं खोकं ३५ × ३५ × ४० चं असलं, तर ४९,००० भागिले ५,००० म्हणजे ९.८ किलो. आतली कळशी तीन किलोची असली तरी भाडं दहा किलोचं. परत आली तर येतानाही तेवढंच, वर पोचा पडलेला आणि चकाकी गेलेली. म्हणून शहरवार कुरिअर खर्च काढताना कुरिअरच्या दरपत्रकावर जाऊ नका, महिन्याच्या बिलातून पिनकोडप्रमाणे काढा. एखाद्या शहरात बाटल्या आणि तांबे जात असतील आणि दुसरीकडे कळश्या, तर अंतर सारखं असूनही खर्चात मोठा फरक पडतो.

हिशेबासाठी धरू: जीएसटी, माल आणि पॅकिंग वजा जाता एका ऑर्डरमागे १,२०० उरतात. मुंबई-पुण्याला सरासरी कुरिअर २००, म्हणजे पोचलेल्या ऑर्डरमागे हातात १,०००. परत आलेल्या पार्सलला दोन्ही बाजूंचं भाडं आणि पुन्हा पॉलिश-पॅकिंग मिळून ५०० चा फटका. मुंबईत पैसे आधी भरणारे जास्त, म्हणून १०० पैकी ७ परत. पुण्यात कॅश ऑन डिलिव्हरी जास्त, ९० पैकी १६ परत.

मुंबई: ९३ × १,००० वजा ७ × ५००, म्हणजे ८९,५००. जाहिरातीचा खर्च ७५,०००. रुपयामागे १.१९.

पुणे: ७४ × १,००० वजा १६ × ५००, म्हणजे ६६,०००. खर्च ५५,०००. रुपयामागे १.२०.

रिपोर्टमध्ये ४ आणि ३.२ एवढं अंतर दिसत होतं, ते इथे संपलं. तुमच्याकडे परतीचं प्रमाण उलटं असू शकेल, पण ते पाहिल्याशिवाय पुणे वरचढ म्हणता येत नाही. आणि जिथे परती जास्त आहे तिथे बजेट कापण्याआधी कॅश ऑन डिलिव्हरीला ऑर्डर पक्की करणारा फोन, किंवा १०० रुपये आगाऊ, एवढं करून बघा. जाहिरातीपेक्षा तिथे जास्त पैसे वाचतात.

तिसरी गोष्ट म्हणजे छोट्या आकड्यांवर किती विसंबायचं. ऑर्डरच्या संख्येचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. एवढी वर-खाली हालचाल निव्वळ योगायोगाने होते असं समजून चाला. हा ढोबळ नियम आहे, पण बजेट ठरवायला पुरतो. नाशिकच्या १४ ऑर्डरचं वर्गमूळ साधारण ३.७, दुप्पट साडेसात. म्हणजे खरी क्षमता ७ ते २१ यांच्यामध्ये कुठेही असू शकते. अशा आकड्यावरून नाशिक पुण्यापेक्षा चांगलं की वाईट हे ठरतच नाही. मुंबईचे १०० म्हणजे ८० ते १२०, पुण्याचे ९० म्हणजे ७१ ते १०९. दोघांत निवड करण्याजोगा फरक नाही.

मग नागपूरचे तर १५ च, तरी तिथे मी बंद करा असं ठामपणे का म्हणतो? कारण तिथे सगळ्यात चांगली बाजू धरूनही तोटाच निघतो. १५ चा पल्ला वरच्या टोकाला २३ पर्यंत जातो. पाचातलं एक परत येतं असं धरलं, तर एका ऑर्डरमागे सरासरी ७०० हातात पडतात. २३ × ७०० म्हणजे १६,१००, आणि खर्च १८,०००. नशीब पूर्ण साथीला असतं तरी भागलं नसतं. आकडे छोटे असतानाही निर्णय घेता येतो तो असा: अनुकूल टोक धरून हिशेब करायचा, तिथेही भागत नसेल तर सोडायचं. कारणही समजण्यासारखं आहे. नागपूरकराला पितळेसाठी भंडारा जवळ आहे, आणि तुमचं पार्सल तिथे महाराष्ट्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. पुण्यात तांबट आळी आणि मुंबईत तांबा काटा आहेच, पण ऑनलाइन घेणारी गिऱ्हाइकं तिथे पुष्कळ आहेत आणि तुमचं अंतरही कमी आहे.

आता मूळ प्रश्न: मोकळे झालेले पैसे कुठे लावायचे? इथे बहुतेक जण सरासरीवर जातात आणि फसतात. समजा पुण्यात महिन्याला १८,००० मध्ये ३० ऑर्डर येतात, म्हणजे ६०० ला एक, आणि तुमच्या हिशेबाप्रमाणे एका ऑर्डरमागे हातात ७३३ येतात (६६,००० भागिले ९०). बजेट २४,००० केलं आणि ऑर्डर ३६ झाल्या. सरासरी ६६७, ती अजूनही ७३३ च्या आत आहे, रिपोर्ट छान दिसतो. पण वाढवलेल्या ६,००० मध्ये फक्त ६ ऑर्डर आल्या, प्रत्येकी १,००० ला. म्हणजे त्या सहांपैकी प्रत्येकामागे तुम्ही २६७ पदरचे घातले. जे शोधत होते ते आधीच्या बजेटमध्येच येऊन गेले होते. नवा पैसा महागड्या क्लिकवर आणि अर्धवट रस असलेल्यांवर गेला.

कुठे जागा शिल्लक आहे याचा अंदाज घ्यायला कॅम्पेनच्या पातळीवर `Search impr. share` आणि `Search lost IS (budget)` हे कॉलम लावा. शहर वेगळ्या कॅम्पेनमध्ये नसेल तर हे आकडे शहराचे म्हणून वाचता येत नाहीत, म्हणून आधी कॅम्पेन वेगळी करावी लागतात. बजेटअभावी हुकलेला वाटा मोठा असेल तर पैसे वाढवून उपयोग. `Search lost IS (rank)` मोठा असेल तर पैसे वाढवून भागत नाही, जाहिरात, पान किंवा बोली यांत कमी आहे. नाशिकमध्ये बहुधा हुकलेला वाटा फारच थोडा निघेल. गावात दर महिन्याला तांब्याची भांडी शोधणारे जेवढे आहेत तेवढेच आहेत, बजेट दुप्पट केलं म्हणून ते दुप्पट होत नाहीत.

मांडणी अशी करा. एक कॅम्पेन फक्त दुकानाच्या नावाचं, सगळ्या शहरांसाठी, छोट्या बजेटचं. बाकी सगळ्या कॅम्पेनमध्ये तेच नाव निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाका, नाहीतर ब्रँडच्या ऑर्डर पुन्हा शहरांत मिसळतील. मग मुंबईचा पट्टा एक (मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, मीरा-भाईंदर, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली), पुणे आणि पिंपरी-चिंचवड एक, आणि नाशिकसह उरलेला महाराष्ट्र एक. सगळीकडे `Presence`. नागपूर वगळलेल्या जागांत. यापेक्षा जास्त तुकडे करू नका. स्वयंचलित बोली लावली असेल तर प्रत्येक कॅम्पेनला शिकायला ऑर्डर लागतात. महिन्याला पाच-सात ऑर्डरच्या कॅम्पेनमध्ये ती चाचपडतच राहते. आणि एकाच कॅम्पेनमध्ये ठेवून मुंबईला अधिक २० टक्के बोली द्यायचा विचार असेल, तर टार्गेट आरओएएस किंवा टार्गेट सीपीए ही स्वयंचलित बोली लावलेली असताना लोकेशनची ती टक्केवारी विचारातच घेतली जात नाही. स्क्रीनवर आकडा दिसत राहतो, काम काही करत नाही.

इन्स्टाग्रामवर जायचं मनात असेल तर एवढं लक्षात ठेवा की मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये जागेची फोड `Region` पर्यंत, म्हणजे आपल्याकडे राज्यापर्यंतच मिळते. शहर हवं असेल तर प्रत्येक शहराचा वेगळा अ‍ॅड सेट करायचा आणि ऑर्डर पिनकोडवरून मोजायच्या.

आता चाचणी. पुणे आणि बाकीचं आहे तसं ठेवा. नागपूरचे महिन्याचे ६,००० आणि तेवढेच वरून घालून मुंबईचे २५,००० चे ३७,००० करा, दोन महिन्यांसाठी. वाढ एवढी मोठी का? हजार-दोन हजारांनी वाढवलं तर दोन-तीन ऑर्डरचा फरक येईल आणि तो नेहमीच्या चढउतारात हरवून जाईल. बजेट एकदम न वाढवता दोन टप्प्यांत वाढवा, आठवड्याचं अंतर ठेवून, म्हणजे स्वयंचलित बोली बिथरत नाही.

निकाल वाचायचा आकडा आधीच लिहून ठेवा. मुंबईत एका ऑर्डरमागे हातात ८९५ येतात. दोन महिन्यांत जास्तीचे २४,००० जातील, म्हणजे ते निघायला साधारण २७ ऑर्डर जास्त हव्यात. आधीच्या वेगाने दोन महिन्यांत साधारण ६७ आल्या असत्या. ९४ किंवा त्याहून जास्त आल्या तर वाढीव बजेट ठेवा. ७५ च्या आत राहिल्या तर परत २५,००० वर या. मधे कुठेतरी आल्या तर ३१,००० वर ठेवून आणखी दोन महिने बघा. मोजणी शेवटच्या ऑर्डरनंतर तीन आठवड्यांनी करा, तोवर परत यायची ती पार्सलं आलेली असतात.

मधे धनत्रयोदशी आली तर चाचणी पुढे ढकला. त्या दिवसांत धातूची भांडी सगळीकडेच खपतात, मुंबईची वाढ बजेटमुळे की सणामुळे हे कळणार नाही. लग्नसराईत चाचणी करावी लागलीच तर पुण्याकडे लक्ष ठेवा. तिथे बजेट तेच असून ऑर्डर दीडपट झाल्या, तर मुंबईच्या अपेक्षेचे ६७ सुद्धा दीडपट धरूनच तुलना करायची.

आणि नागपूर बंद केल्यावर ४४० च्या पिनकोडवरच्या ऑर्डर मोजत राहा. महिन्याला पाच होत्या. जाहिरात नसतानाही तीन-चार येत राहिल्या, तर तिथली बरीचशी गिऱ्हाइकं तशीही तुमच्याकडे येत होती असं समजा, आणि हाच प्रयोग महिनाभर बाकीच्या महाराष्ट्रातल्या एखाद्या शहरातही करून बघा.